भिंतीवरचा ‘ध’ डोक्यावर रेघ घेतो तेव्हा...

शाळेची भिंत रंगवायची म्हटलं की आपल्याला आधी काय सुचतं? छोटा भीम, सूर्यफूल, फुलपाखरू, आणि शेवटी त्या भिंतीसमोर ग्रुप फोटो. अक्षरं काय, राहिलेल्या जागेत बसवू! सुप्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत आम्हीही तेच केलं. चूक आमचीच होती, म्हणून ती सांगायचा हक्कही आमचाच.

झालं असं. अक्षरं सरळ रेषेत यावीत म्हणून आम्ही भिंतीवर मास्किंग टेप लावून आडवी लांब शिरोरेघ मारली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खाली ‘त थ द ध न’ आणि ‘प फ ब भ म’ लटकवले. लांबून दिसायला एकदम भारी! मग पहिलीतल्या एका मुलाला वाचायला सांगितलं. तो ‘त’ म्हणाला, मग ‘य’, मग ‘द’, मग ‘घ’. पुढच्या ओळीत ‘म’ दोनदा म्हणाला आणि आमच्याकडे बघत राहिला. पोरगं बरोबरच वाचत होतं. ‘थ’, ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर डावीकडे रेघ नसते. तिथे छोटी गाठ असते, आणि रेघ फक्त उजवीकडच्या दांडीवर येते. आम्ही अखंड रेघ मारून ती मोकळी जागाच बुजवली होती. त्यात ब्रश जाड, त्यामुळे गाठीतला पांढरा ठिपकाही भरून गेला. मग ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ व्हायला कितीसा वेळ लागतो?

मोठ्या माणसाला हे खटकत नाही, कारण आपण ‘धरण’ हा अख्खा शब्द ओळखतो. सहा वर्षांच्या मुलाकडे तेवढी एक गाठच असते.

दुसरा घोळ ‘ल’ आणि ‘श’चा. एका मित्राने मोबाइलवर टाइप करून प्रिंट काढली, तर दुसऱ्याने हाताने लिहिलं. एका भिंतीवर दांडीचा ‘ल’ आला, दुसरीवर दोन पाकळ्यांचा. मोबाइल-कॉम्प्युटरला दोन्ही ‘ल’ एकच, युनिकोडमध्ये त्यांचा क्रमांकही एकच. आकार ठरवतो तो फॉन्ट, आणि बरेच फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. राज्य सरकारने 2009 मध्ये मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवलं. नोव्हेंबर 2022 च्या शासन निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरायचा असं सांगितलं. त्यामुळे प्रिंट काढण्याआधी ही दोन अक्षरं डोळ्यांनी तपासायलाच हवीत.

माझं म्हणणं सोपं आहे. चित्रं नंतर, अक्षरं आधी, आणि सगळी अक्षरं एकाच नमुन्यावरून. दुसऱ्या फेरीत आम्ही चुकलेली अक्षरं पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊन झाकली. अक्षराची उंची चार इंच, वर दोन इंच आणि खाली दोन इंच मोकळे, अशी आठ इंचांची ओळ धरली. ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या पाच ओळी चाळीस इंचांत बसल्या. जमिनीपासून वीस इंचांवर सुरुवात केली, म्हणजे सगळ्यात वरची ओळ पाच फुटांच्या आत राहिली. एरवी ती आपल्या उंचीला सोयीची म्हणून सहा-सात फुटांवर जाते आणि सतरंजीवर बसलेलं पोर मान मोडून बघतं.

नमुन्याच्या कागदावर अक्षराच्या कडेने बारीक भोकं पाडली. कागद भिंतीला चिकटवून त्यावर निळीची पुरचुंडी आपटली की ठिपके उमटतात. मग हात कुणाचाही असो, ‘ध’ तोच येतो. ब्रश अर्ध्या इंचापेक्षा बारीक घेतला आणि रेघेची जाडी सगळीकडे सारखी ठेवली, कारण पोरं पेन्सिलने लिहितात, बोरूने नाही. ‘ख’चा पाय जोडला, नाहीतर तो ‘रव’ वाचला जातो. अंकही याच पद्धतीने काढले. रंग चकचकीत घेतला नाही, कारण खिडकीचा उजेड पडला की अर्धी ओळ चमकते आणि दिसत नाही.

भिंत वाचायला शिकवत नाही, ते काम बाईंचंच. पण पोर अडलं की ते भिंतीकडे बघतं, आणि तेव्हा भिंत खोटं बोलायला नको.

म्हणून पुढच्या कॅम्पला ग्रुप फोटोच्या आधी एक करा. जमिनीवर पोरांच्या जागी बसा. एका मुलाला बोलवा आणि ‘घ, ध, भ, म, य, थ’वर क्रम मोडून बोट ठेवा. क्रमाने विचारू नका, तो त्याला पाठ असतो. तो अडखळला तर ब्रश पुन्हा हातात घ्या. फोटो काय, नंतरही निघेल!