रजिस्टरमधला मामा

हॉस्टेलच्या आउट रजिस्टरमध्ये 'कोठे जाणार' असा एक रकाना असतो. त्यात वर्षभर सगळ्यात जास्त वेळा लिहिला जाणारा शब्द म्हणजे 'मामाकडे'. काहींचे तर याच शहरात चार-चार मामा निघतात, आणि सगळे सबमिशन संपल्यावरच आजारी पडतात!

आता यातला प्रत्येक मामा खरा नसतो हे रेक्टर सरांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही. बऱ्याचदा तिथे अ‍ॅपवर ओळख झालेलं, दोनदा कॉफीला भेटलेलं कुणीतरी असतं. कोण कुणाला भेटतो याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते त्या रकान्याबद्दल. कारण त्या संध्याकाळी आपण नक्की कुठे आहोत हे जगात एकालाही माहीत नसतं.

हॉस्टेलवाल्यांची गोची अशी की आपण कुणाला रूमवर बोलावूच शकत नाही. त्यामुळे 'कुठे भेटायचं' याचं उत्तर दोन-तीन भेटींनंतर आपोआप 'माझ्या फ्लॅटवर ये' असं येतं. कॅफेचं बिलही वाचतं. म्हणजे आपण काही ठरवत नाही, ते ठरून जातं. दुसऱ्याच्या घरी गेलं की निघण्याची सोय आपल्या हातातून जाते. दार त्याचं, कुलूप त्याचं, आत अजून कोण आहे तेही त्यालाच ठाऊक. फ्लॅट घेऊन राहणाऱ्या सीनिअर्सचं उलटं असतं. ते बोलावतात, आणि त्यांचा पत्ता कायमचा जातो. नंबर ब्लॉक करता येतो, पत्ता करता येत नाही. शिवाय रूममेट्सनी त्या पाहुण्याला निवडलेलं नसतं, हे विसरू नका.

समजा तिसरी भेट आहे, शनिवार. फ्लॅट हॉस्टेलपासून १५ किलोमीटर लांब, नव्या सोसायट्यांच्या बाजूला. निमंत्रण संध्याकाळी ७ चं, आणि आपलं गेट बंद होतं १० ला. साडेआठपर्यंत गप्पा रंगतात, मग जेवण मागवलं जातं, ते येतं साडेनऊला. आता रिक्षा पकडली तरी १० च्या आत पोचणं अवघड. मग 'राहा ना इथेच' हे वाक्य येतं. ते कदाचित अगदी साध्या मनाने म्हटलेलं असेल, पण त्या क्षणी 'नाही' म्हणायला आपल्याकडे जागाच उरलेली नसते. म्हणून घरी जायचं की नाही हे ७ वाजता नाही, आदल्या दिवशी ठरवायचं. परत येण्याचं वाहन आपलं आपण बघायचं, 'मी सोडतो' यावर विसंबायचं नाही. खरं तर ही भेट दुपारी ठेवली तर निम्मा प्रश्न सुटतो.

आणि एक करून बघा. 'अजून एकदोनदा बाहेरच भेटू' असं सरळ सांगा. 'बरं' म्हणून जागा सुचवली, तर ठीक. रुसवा, 'विश्वास नाही का?', किंवा ऐन वेळी 'कॅफे बंद आहे, घरीच ये' असं आलं, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

मुलांना वाटतं की हे सगळं मुलींसाठी आहे. तसं नाही. फ्लॅटवर बोलवायचं, थोड्या वेळाने आणखी तिघं-चौघं आत शिरायचे, व्हिडिओ काढायचा आणि फोनवरून पैसे वळते करून घ्यायचे, हा प्रकार मुलांबरोबरच जास्त चालतो. त्यातही जो मुलगा मुलाला भेटायला गेलाय, त्याला 'पोलिसांना सांगू, घरी सांगू' म्हणून जास्त पिळतात. पोलिसांची ती धमकी पोकळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. गुन्हा आहे ती खंडणी, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली. अशा वेळी आधी सुखरूप बाहेर पडायचं आणि मग ११२ लावायचा. बाहेर आल्यावर मात्र आणखी पैसे पाठवू नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही.

लाइव्ह लोकेशन पाठवतो आम्ही, असं कुणी म्हणेल. पाठवाच, पण ८ तासांचं. १५ मिनिटांचं पाठवलंत तर जेवण यायच्या आत संपेल, आणि फोनची बॅटरी गेली तर तेही नाही. म्हणून विंगेतल्या एकाला तरी सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर आणि 'साडेआठला फोन कर' एवढं सांगून जा. तो चिडवेल आठवडाभर. चालतंय की.

रेक्टर सरांना एक विनंती. उशिरा येणाऱ्याला गेटवर ताटकळत ठेवून घरी फोन लावला जातो, म्हणून रात्री सव्वादहाला निघावंसं वाटलेला मुलगा किंवा मुलगी निघतच नाही, सकाळी ६ ची वाट बघत तिथेच बसून राहते. दंड घ्या, सही घ्या, पण आत घ्या. घरी फोन दुसऱ्या दिवशी, आणि तोही विचारून.