"कर भरण्यासाठीच काम करायचं का?" – एक हिशोब



फेब्रुवारी आला की आपल्या स्टाफरूममध्ये दोनच विषय असतात, दहावीच्या परीक्षा आणि आयकराचं विवरण. फेब्रुवारीच्या पगारातून वर्षाची राहिलेली कपात होते, हातात येणारा आकडा पाहून चेहरे पडतात आणि कुणीतरी म्हणतंच, "असा कर जाणार असेल तर कशाला राबायचं? घेऊन टाकतो स्वेच्छानिवृत्ती." राहुरीकडच्या आमच्या एका सरांनी हे इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मी त्यांच्यासोबत कागद-पेन घेऊन बसलो. तोच हिशोब तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी थोडं अर्थशास्त्र. कर लागला की माणसावर दोन ओढी एकदम येतात. जादा तासाचे हातात पैसे कमी येतात, म्हणून तो तास शेतात, घरात किंवा आरामात घालवणं स्वस्त पडतं. हा पर्यायता परिणाम, तो काम कमी करायला लावतो. पण त्याच करामुळे घरात येणारा पैसाही कमी होतो आणि मुलीची फी, घराचा हप्ता तर तसाच राहतो. म्हणून माणूस उलट जास्त काम धरतो किंवा नोकरी सोडायचं लांबवतो. हा उत्पन्न परिणाम. दोन्ही ओढी विरुद्ध दिशेच्या आहेत. त्यामुळे "कर वाढला की लोक काम सोडतात" हे वाक्य अर्धंच आहे. कुणाच्या घरात कोणती ओढ जिंकते, हे आकडे मांडल्याशिवाय सांगता येत नाही.

आता आपली अडचण अशी की शिक्षकाचे तास ठरलेले. कर वाढला म्हणून कुणी पाचवा तास सोडून घरी जात नाही! आपल्याला निवड असते ती दोनच ठिकाणी: वरचं ऐच्छिक काम घ्यायचं की नाही, आणि ५८ च्या आधी निघायचं की नाही.

सरांचं उदाहरण गोल आकड्यांत धरू. मूळ वेतन ६६,०००, महागाई भत्ता ५५ टक्के, घरभाडे १० टक्के. महिन्याला १,०८,९०० आणि वर्षाला १३,०६,८०० रुपये. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन राहतात १२,३१,८००. बारा लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य, हे आपल्याला पाठ आहे. पण बारा लाखांची रेघ ओलांडली की काय होतं ते फार थोडे जण पाहतात. एकदम ६० हजारांचा कर बसू नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत आहे: बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. म्हणून सरांचा कर ३१,८०० आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३३,०७२.

ही सवलत ऐकायला गोड आहे. पण याच सरांना सुट्टीत एका प्रशिक्षणात मार्गदर्शक म्हणून १०,००० रुपये मानधन मिळालं तर? ते सगळं बारा लाखांच्या वरचं, म्हणजे कर १०,००० आणि उपकर ४००. चार दिवस घसा बसेपर्यंत बोलायचं आणि खिशातून ४०० घालायचे! करपात्र उत्पन्न १२ लाखांपासून साधारण १२,७०,६०० पर्यंत असेल तर हाच प्रकार चालतो. तिथून पुढे मात्र जादा रुपयातले ८४ पैसे हाती राहतात. तेव्हा "मी प्रशिक्षणाला जाणार नाही" असं सर म्हणतात तेव्हा ते आळशी नसतात. त्या पट्ट्यात पर्यायता परिणाम पूर्ण जोरात असतो, आणि अशा नकाराला माझी तरी हरकत नाही.

त्या सुट्टीत सर काय करतात? कांदा काढतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही (पाच हजारांहून जास्त असेल तर पगारावरचा दर ठरवताना ते धरलं जातं, हे लक्षात ठेवा). दूध मात्र करासाठी शेती उत्पन्नात धरत नाहीत. आपल्या जिल्ह्यात घरोघरी गोठे आहेत, म्हणून हे आवर्जून सांगतो.

आता मोठा प्रश्न, स्वेच्छानिवृत्ती. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन ती घेता येते. सर १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले, म्हणून जुनी पेन्शन. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे ३३,००० आणि त्यावर महागाई, मिळून महिन्याला ५१,१५०, वर्षाला ६,१३,८००. यावर कर शून्य.

म्हणजे आज घरी बसले तरी ५१ हजार येणारच आहेत. नोकरीत राहून सर महिन्याला १,०८,९०० साठी काम करत नाहीत, मधल्या ५७,७५० साठी करतात. त्यातून आयकर आणि वर्षाचा २,५०० व्यवसाय कर वजा केला की राहतात सुमारे ५४,८००.

इथे मी सरांना थांबवलं. पगारातला ४७ टक्के भाग न घेतलेल्या पेन्शनमध्ये जातो, आयकरात जेमतेम अडीच टक्के. आयकर पूर्ण माफ झाला असता तरी महिन्याला तीनच हजारांचा फरक पडला असता. ते तीन हजार कुणाला ५५ व्या वर्षी घरी पाठवत नाहीत. सरांना बाहेर ओढते ती पेन्शनच. तिच्यामुळे पर्यायता परिणाम होतोच, कारण राबायचा मोबदला निम्मा होतो, आणि उत्पन्न परिणामही त्याच बाजूचा, कारण न राबताही घर चालण्याची हमी मिळते. दोन्ही ओढी एका दिशेने. कराच्या बाबतीत त्या भांडतात, इथे हातात हात घालून चालतात.

उलट बाजूही मांडतो. एक वर्ष जास्त राहिलं की एक वेतनवाढ, मूळ वेतनात साधारण २,००० आणि त्यामुळे पेन्शनमध्ये महागाईसह १,५५० ची भर, तीही आयुष्यभर. कौल बदलायला ती पुरेलच असं नाही, पण ती विसरून केलेला हिशोब चुकतो. २००५ नंतर लागलेल्यांच्या पेन्शनचे नियम वेगळे आहेत, त्यांना हे आकडे लागू नाहीत.

आमच्याच शाळेत एक मॅडम आहेत, सरांइतकाच पगार, तेच पेन्शनचे नियम. मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगला, घराचे हप्ते सात वर्षं बाकी. फेब्रुवारीतली कपात त्यांनाही तेवढीच टोचते, पण त्या म्हणाल्या, "सर, कर गेला म्हणून तर अजून राहायला हवं. ५१ हजारांत माझं भागणार कसं?" त्यांच्या घरात उत्पन्न परिणाम जिंकला. सरांकडे साडेचार एकर बागायत आणि मुलगा नोकरीला लागलेला, त्यामुळे तिथे दुसरी ओढ जिंकते.

म्हणून पालकांनाही सांगावंसं वाटतं: गावातले अनुभवी शिक्षक लवकर निघून जातात तेव्हा "सरकारने कर लावला म्हणून गेले" असं कुणी म्हणालं तर त्यांना विचारा, पेन्शन किती बसली आणि घरी शेत किती. त्याबरोबर हेही विचारा की वर्गाबाहेरची ऑनलाइन माहिती भरण्यात त्यांचे दिवसाचे किती तास जात होते.

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "म्हणजे मी करामुळे जात नाहीये." मी म्हटलं, "नाही." ते हसले. "मग बायकोला आता दुसरं कारण सांगावं लागेल."