कूस बदलतानाची कळ आणि दोन चुकीचे सल्ले

गरोदरपणाचा पाचवा-सहावा महिना उलटला की अनेक स्त्रियांना पोटाच्या अगदी खाली, दोन्ही जांघांच्या मधल्या हाडावर दुखू लागते. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना त्रास कमी असतो. पण रात्री कूस बदलताना, जिना चढताना किंवा एका पायावर उभे राहून सलवार चढवताना अशी कळ येते की पाय जागीच अडतो. पाचांपैकी साधारण एका गरोदर स्त्रीला कमरेच्या हाडांच्या कड्याचे असे दुखणे होते. तक्रार केली की बहुधा दोनच सल्ले मिळतात. ‘हे असंच असतं, बाळंतपणापर्यंत सोसायचं’, हा पहिला. ‘हाडं सैल झालीत, आता पलंगावरून उठू नकोस’, हा दुसरा. एक सल्ला सोसायला सांगतो, दुसरा झोपून राहायला. पण दुखण्यावर काही करता येत नाही, हे दोघांनीही धरून चाललेले असते. माझे म्हणणे असे की हे गृहीतकच चुकीचे आहे. हालचाल कशी करायची हे बदलले, तर दुखणे बऱ्याच अंशी आटोक्यात येते.

पहिल्या सल्ल्याच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद केला जातो: बाळाला वाट मिळावी म्हणून निसर्गच सांधे सैल करतो, म्हणून दुखणे अटळ आहे. यातला पूर्वार्ध खरा आहे. कमरेच्या कड्याची दोन हाडे पुढच्या बाजूला कूर्चेने जोडलेली असतात. एरवी त्यांच्यात चार-पाच मिलिमीटर अंतर असते आणि गरोदरपणात ते आणखी दोन-तीन मिलिमीटरने वाढते. पण हे सैल होणे बहुतेक सर्व गरोदर स्त्रियांत घडते आणि दुखते मात्र काहींनाच. अंतर जितके जास्त तितके दुखणे जास्त, असेही आढळत नाही. मग सैलपणा हे एकटे कारण कसे ठरेल? अंतर एक सेंटिमीटरच्या पुढे गेले तर तो वेगळा आजार मानला जातो, पण तो क्वचित होतो. जे सर्वांना होते त्यावरून काहींचेच दुखणे अटळ ठरवणे तर्काला धरून नाही.

दुसऱ्या सल्ल्याचे उत्तर एका साध्या तपासणीतून मिळते. फिजिओथेरपिस्ट त्या स्त्रीला थोडा वेळ उताणे झोपवतात आणि गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचलायला सांगतात. पाय जड वाटतो, कधी उचलतच नाही. मग ते कमरेच्या दोन्ही बाजूंनी हातांनी आत दाब देतात आणि तोच पाय पुन्हा उचलायला लावतात. अनेकींना तो या वेळी सहज उचलता येतो. त्या काही क्षणांत हाडांची सैलसर जोडणी घट्ट झालेली नसते, फक्त कड्याला बाहेरून आधार मिळालेला असतो. हाच आधार आतून देण्याचे काम पोटाच्या खोल थरातले, नितंबांचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू करतात. अंथरुणाला खिळून राहिल्यास नेमके तेच स्नायू दुबळे होतात, शिवाय गरोदरपणात पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आधीच वाढलेला धोका आणखी वाढतो. दिवसातून थोडी थोडी विश्रांती हवीच. पूर्ण झोपून राहणे हा उपाय नाही.

तर मग दुखते नेमके केव्हा? कड्याच्या दोन बाजूंवर असमान भार पडतो तेव्हा. जिन्यावर प्रत्येक पायरीला सारे वजन क्षणभर एका पायावर येते. कूस बदलताना एक गुडघा आधी वळतो आणि दुसरा मागे राहतो. एक अर्धा भाग एकीकडे, दुसरा दुसरीकडे ओढला जातो आणि मधल्या सांध्यावर ताण पडतो. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू याच हाडाला जोडलेले असल्याने कळ जांघेतून मांडीत उतरते. हे कारण ध्यानात घेतले की उपाय आपोआप समजतात.

समजा, सातव्या महिन्यातली एक स्त्री लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिची उजवी जांघ जास्त दुखते. तिने जिना चढताना कठडा धरून आधी डावा पाय वर ठेवावा आणि उजवा त्याच पायरीवर आणावा. उतरताना उजवा आधी. एका आड एक पायऱ्या चढू नयेत. खाली-वर जाण्याची कामे एकत्र करून खेपा कमी कराव्यात आणि पिशवी दुसऱ्याकडे द्यावी. रात्री गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर झोपावे. वळताना दोन्ही गुडघे वाकवून उशी घट्ट दाबावी, श्वास सोडत ओटीपोट हलके आत घ्यावे आणि खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी फिरवावेत. उठताना आधी कुशीवर यावे, दोन्ही पाय जोडून खाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावे. सलवार, परकर बसूनच चढवावा. चालताना पोटाखालून, खुब्यांच्या पातळीवर बांधलेला पट्टा मदत करतो. पण त्याने दुखणे वाढले तर तो काढावा, आणि स्नायूंच्या व्यायामाला तो पर्याय समजू नये.

इथे एक घरगुती आक्षेप येतो: उकिडवे बसून लादी पुसली, मांडी घालून बसले, फुलपाखरासारखे गुडघे हलवले की बाळंतपण सोपे होते. ज्यांना हे दुखणे नाही त्यांच्यापुरता हा वाद बाजूला ठेवू. ज्यांना आहे त्यांच्यासाठी मांड्या फाकवणारी प्रत्येक स्थिती त्याच सांध्याला ताणते. दुखत असेल तर ती थांबवावी आणि शक्य असल्यास कमोड वापरावा.

व्यायामाचा खरेच उपयोग होतो याला पुरावा काय, असा शास्त्रीय आक्षेपही योग्य आहे. स्वीडनमध्ये ३८६ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नेहमीच्या उपचारांना स्नायूंना आधार देणाऱ्या व्यायामाची जोड दिलेल्या गटाचे दुखणे फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले. ॲक्युपंक्चर घेणाऱ्या गटाला तर आणखी जास्त आराम पडला. सर्व अभ्यास एकत्र पाहिले तर पुरावा भक्कम म्हणता येत नाही, हे मान्य. पण सोसण्याच्या किंवा झोपून राहण्याच्या बाजूने तेवढाही पुरावा नाही.

या दुखण्यामुळे बाळाला इजा होत नाही आणि केवळ एवढ्यासाठी सिझेरियनची गरज नसते. मात्र गुडघे किती फाकवता येतात हे आधीच मोजून प्रसूती करणाऱ्यांना सांगावे; कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर टेकून बाळंत होता येते. पाठीत इंजेक्शन देऊन वेदना बधिर केली असेल, तर ही मर्यादा अधिकच पाळावी लागते, कारण तेव्हा ताण जाणवत नाही. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आयबुप्रोफेनसारख्या तर गरोदरपणात टाळाव्यातच. रक्त किंवा पाणी जाणे, ठरावीक अंतराने कळा येणे, ताप, लघवीला जळजळ, पोटरीला सूज, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा अचानक पायावर भारच न देता येणे, यांपैकी काहीही झाले तर हे नेहमीचे दुखणे समजून थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

एरवी पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ‘कंबर दुखते’ एवढेच सांगू नका. कूस बदलताना आणि जिन्यावर कुठे, कोणत्या बाजूला दुखते ते नेमके सांगा आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याची मागणी करा.