ग्रुप फोटोत नसलेला माणूस फोटोत 'बसवताना'

सध्या आपल्याकडे फोटो स्टुडिओवाल्यांना आणि मोबाइलवर हात बसलेल्या पोरांना एक काम हमखास मिळतं. शाळेच्या संघाचा, ऑफिसच्या स्टाफचा ग्रुप फोटो झाला, एकजण आला नव्हता, त्याला मागून फोटोत बसवायचा. तोही सगळ्यांसारख्या ड्रेसमध्ये. "कळतंय कोणाला?" असं म्हणतात. माझ्याकडे असे फोटो बातमीसोबत येतात, म्हणून चार शब्द.

मंडळी, हे खूळ काही मोबाइलने आणलेलं नाही. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तेव्हा जनरल शर्मन आणि त्याचे सेनाधिकारी मॅथ्यू ब्रेडी या नामांकित फोटोग्राफरकडे एकत्र फोटोला बसले. जनरल ब्लेअर तेवढा आला नाही. मग त्याचा फोटो नंतर उजव्या टोकाला जोडला. ब्लेअर असलेला आणि नसलेला, असे दोन्ही फोटो आज बघायला मिळतात. सगळ्यांचा लष्करी गणवेश एकसारखा, त्यामुळे जोड चटकन डोळ्यात भरत नाही. गणवेशाची गंमत हीच आहे, तो माणसापेक्षा आधी दिसतो.

आपल्या जुन्या स्टुडिओवाल्यांची रीत वेगळी होती. गैरहजर माणसाचा छोटा फोटो वरच्या कोपऱ्यात गोलात टाकायचे आणि खाली नाव. दिसायला जरा ओबडधोबड, पण तो त्या दिवशी नव्हता हे बघणाऱ्याला कळायचं.

आता कबड्डीचा संघ धरा. बारा खेळाडू, अकरा हजर. नीट करायचं असेल तर बाराव्याला दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी, स्वतःची जर्सी घालून उभं करावं. कॅमेरा तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच अंतरावर. उंचीचा अंदाज यावा म्हणून आदल्या दिवशीच्या फोटोतला एकजण शेजारी घ्यावा. मग त्याला मागच्या रांगेच्या टोकाला जोडावं. तिथे पाय पुढच्यांच्या आड जातात, त्यामुळे जमिनीवरची सावली नव्याने तयार करावी लागत नाही, आणि जोडही एकाच बाजूला येते.

पण एवढा खटाटोप करतंय कोण? पासपोर्ट फोटोतलं डोकं कापतात आणि संघातल्याच दुसऱ्या पोराच्या धडावर ठेवतात. मग फसतं. बाकीच्यांच्या तोंडावर एका बाजूने ऊन, नाकाची सावली दुसऱ्या गालावर, आणि ह्याचा चेहरा समोरून फ्लॅश मारलेला, सपाट. मानेचा रंग वेगळा, डोकं शेजाऱ्यापेक्षा मोठं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे जर्सीचा नंबर. धड पाच नंबरवाल्याचं घेतलं की फोटोत पाच नंबरचे दोन खेळाडू, दोघांचे हातही तस्सेच. हे लपवायला धड उलटं फिरवलं तर आकडा उलटा होतो, मग तो पुसट करतात. म्हणजे एकाच पोराचा नंबर धूसर! पोलिसांच्या फोटोत हेच छातीवरच्या नावाच्या पट्टीचं होतं, चेहरा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं. ॲपने आयता ड्रेस चढवला तरी आधी नंबर, नाव आणि बिल्ला बघा, अक्षरं तिथेच बिघडतात.

घरच्या भिंतीवर लावायला, निरोपाच्या फ्रेमला असा फोटो केला तर माझी काही हरकत नाही. त्या माणसाला विचारा आणि खाली 'फोटो नंतर जोडला' एवढं लिहा, झालं.

पेपरच्या बातमीला आणि कागदोपत्री लागणाऱ्या फोटोला मात्र माझा साफ विरोध आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागतं प्रमाणपत्र, हे खरं. पण प्रमाणपत्राच्या फायलीत पेपरचं कात्रणही हौसेने लावलं जातं. न खेळलेला पोरगा त्या कात्रणात उभा असला तर नुकसान कोणाचं? घाम गाळून बाहेर बसलेल्या तेराव्याचं.

रोजगार हमीत तर ग्रुप फोटो म्हणजे मजुरांची हजेरीच. तिथे फोटोचाच फोटो काढून टाकणं, कामाशी संबंध नसलेले फोटो चढवणं असे प्रकार केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ च्या परिपत्रकात स्वतः नोंदवलेत. फोटोत वाढलेलं एक डोकं तिथे थेट पैशात मोजलं जातं.

तेव्हा मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि मंडळाचे कार्यकर्ते, सगळ्यांना विनंती. मला फोटो पाठवताना न जोडलेला, मूळ फोटो पाठवा, तोही व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून, म्हणजे बारीक होत नाही. कोण आलं नव्हतं ते खाली लिहा. त्या पोराचं नाव मी बातमीत घालतो, 'फोटोच्या वेळी गैरहजर' असं कंसात लिहून.