वेगळी विहीर आणि तिसरं शौचालय

तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र शौचालय बांधा, ही मागणी आता आपल्या चळवळीतल्या निवेदनांतही दिसू लागली आहे. हा प्रश्न आपला आहे असं आपल्या माणसांना वाटू लागलं, याचा आनंदच आहे. तरीही मागच्या महिन्यात अशाच एका निवेदनावर सही करताना माझा हात थांबला. का थांबला, ते सांगतो.

आधी एका ताईचा एक दिवस ऐका. ताई जामखेडकडची. ट्रान्स स्त्री आहे, साडी नेसते, गुरूकडे राहते. सरकारी कागदाच्या एका कामासाठी तिला नगरला चकरा माराव्या लागतात. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच बसलंय, चालवून घ्या.) क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. जामखेडहून नगर ७५ किलोमीटरच्या आसपास, आणि अकोल्याच्या माणसाला तर शंभराच्या वर पडतं. जिल्हा मोठा आहे हे आपण अभिमानानं सांगतो. ताईच्या हिशोबात त्याचा अर्थ एवढाच, की लघवी तितका जास्त वेळ रोखून धरायची.

तिची तयारी आदल्या संध्याकाळपासून सुरू होते. सात वाजता शेवटचा पेलाभर पाणी. सकाळी चहा नाही. पहाटेची एसटी, नगरला उतरेपर्यंत साडेआठ. स्टँडवर पुरुषांच्या बाजूला उघड्या मुताऱ्यांची रांग असते, मध्ये आडोसा नाही. साडी नेसून तिथं उभं राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एकदा तिथंच कुणीतरी मोबाईल वर धरला होता. बायकांच्या बाजूला गेली तर दारातल्या स्टुलावरून आवाज येतो, "तू इकडं नाही, तिकडं जा." तिकडचे म्हणतात, इकडं कुठं? वाद घातला की दोन मिनिटांत घोळका जमतो, आणि घोळक्यात काय होतं ते तिला माहीत आहे. म्हणून ती वाद घालत नाही. मैलभरावर एक पेट्रोल पंप आहे. त्याच्या मागं एकच दार असलेलं शौचालय आहे, आतून कडी लागते. पंपावरचा पोरगा चांगला आहे, मालक नसला की किल्ली देतो. मालक असला तर ती तशीच ऑफिसात जाते. तिथं साहेब "तीन वाजता या" म्हणतात. मे महिन्यात, चाळीस अंशांत, ती जवळ पाण्याची बाटली असून ओठ ओले करण्यापुरतं पाणी पिते.

मी विचारलं, "ताई, एवढा वेळ कसं जमतं?" ती म्हणाली, "दादा, जमत नाही. सवय होते."

सवय होत नसते, शरीर बिघडत असतं. पाणी कमी प्यायलं आणि लघवी रोखली की जळजळ, जंतुसंसर्ग, पुढं मुतखडा. हे कुठल्याही बाईच्या बाबतीत खरं आहे, पण हिच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी येतात. निर्वाण झालेल्या अनेकींचा लघवीचा मार्ग नंतर आकसत जातो. धार बारीक होते, बसावं लागतं, वेळ लागतो आणि रोखून धरणं जास्त दुखतं. दुसरं म्हणजे, ज्या हार्मोनची औषधं घेतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणी स्पायरोनोलॅक्टोन घेतात. ती गोळी मुळात लघवी वाढवणारी आहे. म्हणजे गोळी सांगते जा, स्टँड सांगतं जाऊ नको. कित्येक जणी प्रवासाच्या दिवशी गोळीच चुकवतात, आणि डॉक्टरला ते सांगत नाहीत.

आता तो स्वतंत्र शौचालयाचा मुद्दा. ताईला विचारलं तर ती म्हणेल, बांधा की. तिला सगळं गाव ओळखतं, तिच्या दारावर पाटी लागली म्हणून तिचं नवीन काही उघडं पडणार नाही. पण एमआयडीसीत काम करणारा एक मुलगा मला माहीत आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगी, पण दाढी आहे, शर्टपँट आहे, शिफ्टमधल्या कुणालाही ठाऊक नाही. त्याला मुतारीवर उभं राहता येत नाही. पुरुषांच्या शौचालयात एकुलत्या संडासाची कडी तुटलेली. पाळीच्या दिवसांत पॅड टाकायला डबाही नाही, ते कागदात गुंडाळून खिशातून घरी आणावं लागतं. त्याच्यासाठी ‘तृतीयपंथी’ अशी पाटी लावलेलं दार म्हणजे सोय नव्हे. त्या दारातून तो एकदा बाहेर आला की दुसऱ्या दिवशी नोकरी आणि खोली, दोन्हींचं भवितव्य घोळक्याच्या हातात. आणि जी व्यक्ती स्वतःला बाई म्हणत नाही, पुरुष म्हणत नाही आणि कुठल्या गुरूच्या घराण्यातलीही नाही, त्या नॉन-बायनरी माणसानं कोणतं दार उघडायचं?

शिवाय असं तिसरं शौचालय शहरात बांधलं जाणार एक, फार तर दोन. उद्घाटनाला फीत कापली जाईल, फोटो येईल. मग वापर नाही म्हणून कुलूप लागेल आणि आत झाडू, फिनेलचे कॅन. दिव्यांगांच्या शौचालयाचं आपण हेच केलेलं आहे, कुठल्याही स्टँडवर जाऊन बघा. दुसरीकडं आयतं दाखवायला आहे म्हणून स्टुलावरचा माणूस बिनधास्त सांगेल: तुमचं तिकडं आहे ना, इकडं कशाला?

हे वाक्य आपण आधी ऐकलेलं आहे. माझ्या आजोबांच्या गावात महारवाड्याला वेगळी विहीर होती. उन्हाळ्यात ती आटायची. गावच्या विहिरीवर गेलं की उत्तर ठरलेलं, तुमची आहे ना तिकडं? वेगळी विहीर पाणी द्यायची चार-सहा महिने, आणि गावच्या विहिरीवर न येण्याचं कारण द्यायची बारा महिने.

म्हणून महाडचा इतिहास इथं नीट आठवायला हवा. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, सरकारी पैशातले पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण होता. तीन वर्षं एकाही अस्पृश्याला तिथं पाणी घेता आलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले तेव्हा कुणी नवा हक्क मागत नव्हतं, मिळालेला हक्क वापरत होतं. नंतर नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. त्या लढ्यात ‘आम्हाला शेजारी छोटं तळं खोदून द्या’ अशी मागणी नव्हती.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा असे शब्द आले ते या अनुभवातून. तिथं धर्म, वंश, जात यांच्या रांगेत ‘लिंग’ हाही शब्द आहे. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या शब्दात लिंगओळखही येते असं स्पष्ट केलं. स्टँडवरचं शौचालय सार्वजनिक राबत्याची जागा नाही, तर काय आहे?

खरं तर त्याच निकालात स्वतंत्र सार्वजनिक शौचालयांचा आदेशही आहे, आणि स्वतंत्र शौचालय मागणारे त्यावरच बोट ठेवतात. बरोबर आहे, तो आदेश आहेच, पण सोबतचे कागदही वाचा. २०१७ साली स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण विभागानं राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या, की तृतीयपंथी व्यक्तीला पुरुषांचं किंवा स्त्रियांचं, तिच्या पसंतीचं सार्वजनिक शौचालय वापरू द्यावं. २०१९ च्या कायद्याचं कलम ३ सार्वजनिक सोयी नाकारायला बंदी करतं. कलम १८ मध्ये सार्वजनिक जागेत जाण्यापासून अडवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. म्हणजे आपण आज १९२४ च्या महाडमध्ये उभे आहोत. ठराव आहे, तळ्यावर जाता येत नाही.

यावर बायकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न येतो, आणि तो मी उडवून लावणार नाही. आपल्या वस्तीतल्या बायका अंधारात टमरेल घेऊन जाताना काय भोगत आल्या, ते आपल्यालाच माहीत. पण त्यांना धोका कोणापासून होता? ज्याला बाईवर हात टाकायचा आहे त्याला साडी नेसून शौचालयात जायची गरज कधी पडलेली नाही. बाईला सुरक्षित वाटतं ते आतून लागणाऱ्या कडीनं, वर-खाली फट नसलेल्या दारानं, चालू दिव्यानं आणि बाहेर वर्दळ असल्यानं. ताईलाही नेमकं हेच हवं आहे, पंपावरचं ते शौचालय तिला म्हणूनच आवडतं.

माझी मागणी त्या पंपावरून आलेली आहे. प्रत्येक सार्वजनिक शौचालयात दहापैकी दोन-तीन खोल्या अशा हव्यात, ज्यांचं दार थेट बाहेर उघडतं, आत संडास, नळ, खुंटी, झाकणाचा डबा, आणि पाटीवर फक्त ‘शौचालय’. त्या कोणीही वापराव्यात. म्हाताऱ्या आईला नेणारा मुलगा, लहान मुलीला घेऊन आलेला बाप, पोटाची पिशवी लावलेला रुग्ण, ताई, एमआयडीसीतला तो मुलगा. सगळे जात असतील तर कोण का गेलं हे कुणी विचारत नाही. सगळंच असं करता येणार नाही हे मान्य, मढीच्या यात्रेत मुताऱ्यांशिवाय गर्दी हलणार नाही. उरलेल्या खोल्यांत पसंतीचा नियम चालावा. आणि तृतीयपंथी समाजानं एखाद्या ठिकाणी स्वतःहून स्वतंत्र खोली मागितली तर ती जरूर द्यावी. फक्त ती दाखवून बाकीची दारं बंद करता येणार नाहीत, एवढं लेखी हवं.

हे लेखी कुठं हवं, हा खरा मुद्दा आहे. स्टुलावर बसलेली ती बाई बहुतेक वेळा आपल्याच समाजातली, मेहतर किंवा वाल्मिकी, ठेकेदाराकडं रोजंदारीवर. एखाद्या प्रवाशानं तक्रार केली की तिचा दिवस भरतो. तिच्याशी भांडून ताईला न्याय मिळत नाही, एका दबलेलीचा राग दुसरीवर निघतो इतकंच. पसंतीचा नियम हवा तो ठेक्याच्या करारात, निविदेच्या अटींत. अडवलं तर दंड ठेकेदाराला, बाईच्या पगारातून कपात नाही. नियम पाटीवरही हवा, म्हणजे तिला बोट दाखवून म्हणता येईल, मी काय करू, साहेबांनीच लिहिलंय.

ते निवेदन मी परत मागून घेतलं आणि ताई, तो मुलगा आणि महिला मंडळातल्या दोघी जणींबरोबर बसून पुन्हा लिहिलं. ‘स्वतंत्र शौचालय’ ही ओळ काढून तीन ओळी घातल्या: पसंतीचं दार, पाटी नसलेल्या खोल्या, ठेक्यातली अट. मुलानं सही केली नाही, आम्ही आग्रहही केला नाही. तुमच्या तालुक्यात ठेक्याची मुदत कधी संपते ते माहितीच्या अधिकारात आधी विचारा, कारण करार झाल्यावर अट घालता येत नाही. आमच्या अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. ताईची पुढची चकर सोमवारी आहे.