तिरक्या फोटोतला साक्षरतेचा आलेख

वर्तमानपत्रातल्या एखाद्या आलेखाचा फोटो मोबाइलवर येतो. काढणारा डावीकडे बसलेला असतो, त्यामुळे पान तिरके दिसते. फोटोत 1961 ते 2011 च्या जनगणनांमधील साक्षरतेच्या दोन रेषा आहेत, असे समजा. वरची सर्व भारतीयांची आणि खालची अनुसूचित जातींची. उजव्या टोकाला त्या जवळजवळ चिकटलेल्या दिसतात. आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने लगेच लिहून टाकले, "दरी संपली." डोळ्याला तसे दिसते खरे, पण ते फोटोचे काम आहे.

दूरची बाजू लहान दिसते. फोटो छापून पट्टीने मोजला, तर डावीकडे शून्य ते 80 टक्के हे अंतर 8 सेंटिमीटर भरेल आणि उजवीकडे 4 च. डाव्या मापाने उजवीकडचे दोन बिंदू मोजले तर साडेतीन मिलिमीटर म्हणजे साडेतीन टक्के फरक निघतो. तिथले खरे माप मात्र एका टक्क्याला अर्धा मिलिमीटर, म्हणून फरक 7 टक्के. अर्धी दरी फोटोनेच गिळली!

म्हणून कागदाच्या कडेपासून मोजू नये. ज्या वर्षाचा बिंदू हवा, त्याच वर्षाच्या उभ्या रेघेवर त्याच्या खालची आणि वरची आडवी रेघ पाहावी. 2011 चा खालचा बिंदू 60 आणि 80 च्या मधल्या अंतरात तळापासून तीन दशांश वर असेल, तर 60 मध्ये 6 मिळवा. आकडा सुमारे 66. बिंदूजवळ आकडा छापला असेल तर तोच घ्यावा. पान घडीवर फुगले असेल आणि आडव्या रेघाच वाकलेल्या असतील, तर ही रीतही फसते. मग पान सपाट करून दुसरा फोटो मागवावा.

जनगणनेचे आकडे असे आहेत. 1961 मध्ये सर्वांची साक्षरता 24 टक्के, अनुसूचित जातींची 10.3. 1981 मध्ये 36.2 आणि 21.4, 1991 मध्ये 52.2 आणि 37.4, तर 2011 मध्ये 73 आणि 66.1.

1981 ते 91 दरम्यान खालची रेष एकदम 16 टक्क्यांनी उडी घेते. मुले खूश होतात. पण 1981 पर्यंतचे हे आकडे तान्ह्या बाळांसकट सगळ्या लोकसंख्येवर काढलेले आहेत, आणि 1991 पासूनचे सात वर्षे व त्यावरील लोकांवर. उडीचा काही भाग या बदललेल्या मोजणीचा आहे. वरची रेषही तेवढीच उडाली आणि दरी 14.8 च राहिली, यावरून ते ओळखता येते.

तेव्हा त्या मुलाने वहीत शेवटी लिहिले ते असे: "दोन्ही रेषा सतत चढत्या. 1991 मध्ये दरी सुमारे 15 टक्के, 2011 मध्ये सुमारे 7. 1991 च्या आधीचे आकडे पुढच्यांशी थेट जोडू नयेत."