दोन उतारे आणि आपले घाईचे उत्तर

बारावीच्या मुलांना उताऱ्यांवरचे प्रश्न शिकवताना मी एक जोडी हमखास घेतो: सर सय्यद अहमद खान आणि बदरुद्दीन तय्यबजी. 1887 च्या डिसेंबरात तय्यबजी मद्रासला काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवत होते. त्याच दिवसांत सर सय्यद लखनौला काँग्रेसविरुद्ध भाषण करत होते. पुढे 1888 च्या सुरुवातीला दोघांचा पत्रव्यवहारही झाला. एकच विषय, दोन जाणती माणसे आणि दोन मते. यापेक्षा चांगले उतारे शोधून सापडणार नाहीत.

मुलांसाठी मी दोघांचे म्हणणे माझ्या शब्दांत लिहून देतो. पहिल्या उताऱ्यात सर सय्यद म्हणतात: व्हाइसरॉयच्या कौन्सिलात निवडून आलेले सभासद घेतले, तर हिंदू हिंदूला आणि मुसलमान मुसलमानाला मत देईल. मग त्यांची मते चार आणि आपले एक. नोकऱ्या स्पर्धा परीक्षेने दिल्या, तर इंग्रजी शिक्षणात मागे राहिलेला आपला समाज आणखी मागे पडेल. म्हणून या चळवळीपासून दूर राहा.

दुसऱ्या उताऱ्यात तय्यबजी म्हणतात: काही प्रश्न साऱ्या देशाचे आहेत, त्यांवर सर्वांनी मिळून बोलावे. एखाद्या ठरावाने मुसलमानांचे नुकसान होणार असेल, तर मीही त्याला विरोध करीन. पण तो विरोध आत बसून करता येतो.

आता प्रश्न: चार मतांना एक मत या मुद्द्यावर दुसरा लेखक काय म्हणेल? (अ) सर्व भारतीय एकच आहेत, धोका मुळीच नाही. (ब) मुसलमान शिक्षणात मागे नाहीत. (क) धोका असेल तिथे विरोध करावा, पण त्यासाठी बाहेर राहण्याची गरज नाही. (ड) इंग्रजी राज्य संपले की प्रश्न मिटेल.

बहुतेक मुले ‘अ’ निवडतात. कारण उतारा वाचण्याआधीच त्यांच्या डोक्यात दोन पाट्या लागलेल्या असतात: तय्यबजी राष्ट्रवादी, सर सय्यद फुटीरतावादी. मुले उत्तर पाटीवरून देतात, उताऱ्यावरून नाही. तय्यबजींनी धोका नाकारलेला नाही. ‘मीही विरोध करीन’ हे वाक्य नुकसान होऊ शकते हे गृहीत धरूनच लिहिलेले आहे. ‘ब’बद्दल दुसरा उतारा अवाक्षर काढत नाही. ‘ड’ तर पुढच्या पिढीची मागणी. 1887 ची काँग्रेस राज्य संपवायला निघालेली नव्हती. उरतो ‘क’.

इथे मी मुलांना एक कसोटी देतो. एक उतारा हाताने झाका. तरीही तुमचे उत्तर तसेच्या तसे टिकत असेल, तर तुम्ही तुलना केलेली नाही, एकाच उताऱ्याचा सारांश लिहिला आहे. ‘क’ला दोन्ही लागतात, कारण धोका पहिल्या उताऱ्यातला आहे आणि उपाय दुसऱ्यातला.

त्याहून अवघड प्रश्न असतो तो दोघांच्या एकमताचा. मुले लिहितात, ‘काहीच नाही’. मग मी प्रत्येक उताऱ्याचे एकेक वाक्य करायला सांगतो आणि ‘म्हणून’ या शब्दाच्या आधी काय येते ते पाहायला लावतो. सर सय्यद: मुसलमानांचे हितसंबंध वेगळे आहेत, म्हणून बाहेर राहा. तय्यबजी: मुसलमानांचे काही हितसंबंध वेगळे आहेत, म्हणून आत जाऊन ते सांभाळा. पहिला अर्धा भाग जवळजवळ एकच आहे. भांडण आहे ते ‘म्हणून’च्या पुढे. मात्र तय्यबजींच्या वाक्यातला ‘काही’ हा शब्द सोडू नये, तो सोडला की दोघांत नसलेले एकमत तयार होते.

आपल्याकडे या दोघांवर वाद घालणारे मोठे लोकही इथेच चुकतात, असे मला वाटते. ते सर सय्यदांना थेट 1947 पासून मागे वाचत येतात. सर सय्यद 1898 मध्ये वारले. त्यांच्या भाषणातली चार-एक मतांची गणिती शंका पुढे काय झाले त्यावरून खरी किंवा खोटी ठरवता येत नाही, तिला तिच्याच जागी उत्तर द्यावे लागते.

ते उत्तर शोधायचा प्रयत्न तेव्हा झालाही. 1888 च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने नियम केला की हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमताने विरोध असेल तो विषय चर्चेला घेऊ नये. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तय्यबजींनी ह्यूम यांना पत्र लिहून सुचवले होते की मुसलमानांचा विरोध असाच राहिला, तर काँग्रेस निदान पाच वर्षे थांबवावी. हे पत्र मी मुलांना प्रश्न सोडवून झाल्यावर सांगतो. उताऱ्यात नसलेले उत्तरपत्रिकेत लिहिले, तर गुण जातात.